वर्तुळाखालचा पांढरा कागद

आत्याला रस्त्याखालचं दिसतं, असं आमच्या घरात थट्टेनं म्हणायचे. तिच्याबरोबर चालायला निघालं की ती मध्येच थांबायची, चपलेच्या टोकानं डांबरावर टकटक करायची आणि म्हणायची, "इथे खाली सहा इंची आणि आठ इंची भेटतात." जणू दोन ओळखीच्या बायकाच खाली गप्पा मारत उभ्या आहेत. अठ्ठावीस वर्षं तिनं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढले. कुठून किती पाणी निघतं, कुठल्या चौकात फुटतं, कुठल्या गल्लीच्या टोकाला पोचता पोचता थेंब थेंब होतं, हे सगळं तिनं बारीक शाईच्या रेघांनी कागदावर मांडलं होतं.

निवृत्त झाली तेव्हा तिच्याकडे दोन गोष्टी उरल्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आणि त्या घराची बाल्कनी. बाल्कनीसमोर फुटबॉलचं मैदान होतं. तिथे मुलींचा संघ सराव करायचा. सकाळी धुकं असलं की मैदान दिसायचं नाही, नुसते आवाज यायचे. चेंडूला बूट लागल्याचा ठप्प, कुणाची तरी हाक, शिट्टी. मग धुकं विरळ व्हायचं आणि त्यातून लाल सदरे एक एक करून वर यायचे, पाण्यातून यावेत तसे.

आत्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात तिनं आलेखाचा कागद घेतला आणि कोण कुणाला चेंडू देतं ते मांडायला सुरुवात केली. चारनं सहाला. सहानं आठला. आठनं परत चारला. अकरा सामने झाल्यावर एक दिवस कागदांची गुंडाळी काखेत मारून ती जिना उतरली, रस्ता ओलांडून क्लबच्या खोलीत गेली आणि प्रशिक्षकांसमोर उभी राहिली. सगळे त्यांना सर म्हणतात. आत्या म्हणाली, "तुमच्या नऊ नंबरला पाणीच पोचत नाही हो."

सर तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यांना वाटलं, प्यायच्या पाण्याची तक्रार आहे. मग तिनं कागद उलगडला. अकरा वर्तुळं, आणि त्यांच्यामध्ये जाड-बारीक रेघा. ज्या मुलीनं जास्त पास दिले, तिचं वर्तुळ मोठं. ज्या दोघींमध्ये जास्त पास झाले, त्यांच्यातली रेघ जाड. नऊ नंबरचं वर्तुळ पार पुढे, वाटाण्याएवढं, आणि त्याच्याकडे जाणारी एकच केसासारखी रेघ.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही. नळाचं असंच असतं."

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात मी संगणकाचं शिकले आणि तिच्यासाठी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. आता पास मोजायला तिला बाल्कनीत बसावं लागत नाही. सामन्याची फाइल येते, तिच्यात प्रत्येक पासची वेळ, देणारीचा आणि घेणारीचा नंबर आणि मैदानावरची जागा असते. बटण दाबलं की वर्तुळं आणि रेघा आपोआप उमटतात. दुसरं बटण दाबलं की रंगांचा नकाशा येतो: जिथे मुलीचा पाय चेंडूला जास्त वेळा लागला तिथे गडद तांबडं, कमी तिथे पिवळं, आणि जिथे कधीच नाही तिथे कागद कोरा. हा दुसरा नकाशा आत्याला सुरुवातीला अजिबात आवडला नाही. "हे काय, भिंतीला ओल आल्यासारखं," ती म्हणाली. रेघांवर तिचं प्रेम होतं.

तिच्या वाचण्याच्या काही पद्धती होत्या आणि त्या मला कुठल्या पुस्तकात मिळाल्या नसत्या. मागच्या दोन बचावपटूंमधली रेघ नेहमीच जाड असते. नवखा माणूस ती बघून खूश होतो. आत्या म्हणायची, "ते टाकीतलं पाणी टाकीतच ढवळणं आहे. त्यानं कुणाची बादली भरत नाही." पहिली बदली खेळाडू मैदानात येईपर्यंतचेच पास ती धरायची, कारण त्यानंतर माणसं बदलतात आणि चित्र भेसळीचं होतं. वर्तुळ कुठे काढायचं याचा नियम साधा होता. त्या मुलीचा पाय चेंडूला जिथे जिथे लागला, त्या सगळ्या जागांची सरासरी काढायची आणि तिथे वर्तुळ ठेवायचं. हा नियम तिनं ठरवला नव्हता, सगळेच असं करतात. मीही प्रोग्रॅममध्ये तेच लिहिलं होतं. त्यात काही खोट असू शकते हे आम्हा दोघींच्या स्वप्नातही नव्हतं.

आता खिळ्याबद्दल सांगायला हवं.

खिळा म्हणजे संघातली डावी बचावपटू. एकदा उभी राहिली की उपटून काढता येत नाही, म्हणून हे नाव. ती आत्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. दिवसा एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायचं काम, सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल. आत्याला ती काकू म्हणायची आणि आत्या तिला रोज एकदा तरी बूट दाराबाहेर काढायला सांगायची. गेल्या महिन्यात कारखान्यानं तिची बदली केली होती, लांबच्या दुसऱ्या शाखेत. तिथे मुलींचा संघ नव्हता, मैदानही नव्हतं. म्हणजे हंगामातला शेवटचा सामना हाच तिच्या आयुष्यातला शेवटचा सामना. आणि तो सामना साधा नव्हता. हरलो नाही तर संघ वरच्या गटात जाणार होता. बरोबरी झाली तरी चालणार होती.

समोरचा संघ आम्ही कधीच पाहिला नव्हता. सोमवारी त्यांच्या तीन सामन्यांच्या फाइली आणि व्हिडिओ आले. सर कामात बुडालेले होते. त्यांनी व्हिडिओतले फक्त गोल बघितले आणि आत्याला निरोप पाठवला: यांचा खेळ सगळ्यात जोरात कुठून होतो, ते एका कागदावर सांगा.

आत्यानं तिन्ही सामने एकत्र केले. एका सामन्यात रेघा पुसट येतात, तीन एकत्र केले की कशा ठसठशीत दिसतात, हा तिचा अनुभव. मंगळवारी सकाळी नकाशा तयार झाला आणि तो फार देखणा होता. मैदानाच्या मध्यात, सहा आणि आठ नंबरच्या थोडं पुढे, सात आणि अकरा नंबरची दोन मोठी वर्तुळं जवळजवळ एकमेकींवर बसलेली. चौघींमध्ये आखूड, दाट रेघांची जाळी. एखाद्या तळ्याच्या मधोमध कमळांचा पुंजका असावा तसं. दोन्ही कडा ओसाड दिसत होत्या.

एक शंका मात्र आत्याला आली होती. "अगं, दुसऱ्या अर्ध्यात संघ बाजू बदलतात. तू मैदान उलटवून घेतलंस ना? नाहीतर सगळ्याच जणी मध्ये येतील."

"घेतलंय आत्या. गोलकीपर बघ. ती आपल्या गोलपाशीच आहे. उलटवलं नसतं तर तीही मधोमध येऊन बसली असती."

तिनं गोलकीपरचं वर्तुळ बोटानं चाचपलं, समाधानानं मान हलवली आणि कागद सरांना देऊन आली. सरांनी पाच मिनिटांत ठरवलं. यांचा जीव मध्यात आहे, तर आपणही मध्य भरायचा. मागे चारऐवजी तिघीच ठेवायच्या आणि मध्यात एक जण वाढवायची. कमी कुणाला करायचं? कड तर ओसाड दिसत होती. डावी बचावपटू.

संध्याकाळी खिळा घरी आली तेव्हा मी आणि आत्या चहा पीत होतो. तिनं बूट स्वतःहून बाहेर काढले. तेवढ्यावरूनच आत्याला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"शनिवारी मी बाहेर बसणार आहे," खिळा म्हणाली. "सर म्हणाले, नकाशात दिसतंय."

आत्याचा कप हवेतच राहिला. "नकाशा माझा आहे."

"माहितीये की काकू. तुमच्याशिवाय इथे दुसरं कोण गोल गोल काढतं?" ती हसली, पण ते हसू फार लांब गेलं नाही. "बरोबर असेल तर बरोबरच आहे ना. संघ वर गेला पाहिजे. मी पाण्याच्या बाटल्या सांभाळीन. तुमचं खातंच आहे ते."

मग ती तिच्या खोलीत गेली. बराच वेळ आतून खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. सामान बांधत होती.

बुधवारी पहाटे मला जाग आली ती आत्याच्या हालचालीनं. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि धुकं चक्क उंबरठ्यापर्यंत आलं होतं. आत्या टेबलाशी बसली होती. तिनं कालचा नकाशा काचेवर ठेवला होता, खाली टेबलावरचा दिवा. आणि सात नंबरचा रंगांचा नकाशा ती पारदर्शक कागदावर उतरवत होती, रंगीत पेन्सिलींनी, नळांच्या नकाशावर नव्या वस्तीचा कागद चढवावा तसा. तिचा ओलीचा नकाशा.

"झोपली नाहीस?"

"झोपले की. स्वप्न पडलं." ती मान वर न करता बोलत होती. "मी त्या मैदानाच्या मधोमध उभी होते. त्या दोघींना शोधत होते, सात आणि अकराला. सगळीकडे नुसतं गवत. मी हाका मारतेय, आणि त्या लांबून, दोन्ही टोकांकडून ओ देतायत. इकडे ये, बघ."

तिनं पारदर्शक कागद नकाशावर ठेवला. सात नंबरच्या तांबड्या रंगाचे दोन डाग होते. एक उजव्या कडेला, एक डाव्या कडेला. मध्ये काही नाही. तिनं अकरा नंबरचा कागद त्यावर चढवला. पुन्हा तेच, दोन डाग, दोन कडा. आणि मध्यात, जिथे ती दोन मोठी, देखणी वर्तुळं होती, तिथे दिव्याचा उजेड सरळ आरपार येत होता. कागद कोरा होता.

"इथे कुणी पाऊलच टाकलेलं नाही," आत्या हळूच म्हणाली. "कुणीच नाही. आणि मी इथे दोघींना उभं केलंय."

मला एका क्षणात कळलं. दोघी बाजू बदलत होत्या. सात अर्धा वेळ उजवीकडे, अर्धा वेळ डावीकडे. अकरा तिच्या उलट. उजवं आणि डावं यांची सरासरी काढली की उत्तर येतं मध्य. गणित बरोबर होतं. फक्त त्या उत्तराच्या जागी कुणी माणूस नव्हतं.

"मला कळायला हवं होतं," मी म्हणाले. "प्रोग्रॅम माझा आहे."

"तुला नाही, मला. अठ्ठावीस वर्षं मी अशा गोष्टींचे नकाशे काढले ज्या जागच्या हलत नाहीत. चौकातला व्हॉल्व्ह रात्रीतून पलीकडच्या गल्लीत जात नाही. त्याची वर्षाची सरासरी काढली तरी तो तिथेच." ती थांबली. "ही तर माणसं आहेत. चालती-बोलती."

मग आम्ही कामाला लागलो. मी प्रत्येक सामन्याचे पंधरा पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा नकाशा काढला. आत्यानं ते सगळे जमिनीवर ओळीनं मांडले आणि अनवाणी त्यांच्या बाजूनं चालत गेली. सात आणि अकराची वर्तुळं एका कागदावर इकडे, पुढच्यावर तिकडे, मग परत इकडे. चालत बघितलं तर दोघी झोके घेतायत असं वाटायचं. बाकीच्या नऊ जणी आपापल्या जागी शांत.

"आता नंबर विसर," आत्या म्हणाली. "जागेला वर्तुळ दे. उजव्या कडेवर जी कोणी असेल ती एक. डाव्या कडेवर जी असेल ती एक."

तसं केलं. आणि पहिल्या नकाशात जे लपलं होतं ते वर आलं. त्यांची उजवी बचावपटू, दोन नंबर. पहिल्या नकाशात तिच्यापासून दोन बारीक रेघा निघत होत्या, एक सातकडे, एक अकराकडे. एकोणीस पास आणि सतरा पास. दोन्ही रेघा त्या मधल्या गर्दीत हरवल्या होत्या. पण दोघी एकाच जागी पाळीपाळीनं उभ्या राहत असतील, तर ती एकच रेघ होती. छत्तीस पास. त्यांच्या मागच्या दोघींमधली रेघसुद्धा एकतीसची होती. संपूर्ण संघातली सगळ्यात जाड रेघ उजव्या कडेनं वर चढत होती.

"दोन तोट्यांत वाटलं म्हणून पाणी कमी होत नाही," आत्या पुटपुटली. मग तिनं तो कागद समोरच्या संघाच्या बाजूनं न बघता आमच्या बाजूनं बघितला. त्यांची उजवी म्हणजे आमची डावी. जिथून सर खिळ्याला काढणार होते तीच जागा.

दिवसभर आम्ही व्हिडिओ बघितले. त्या दोघी नक्की केव्हा बदलतात ते शोधायचं होतं. दुपारी आत्याला सापडलं. कॉर्नर मिळाला की दोघी धावत गोलसमोर येतात. कॉर्नर संपला की परतताना मूळ बाजूला न जाता समोरच्या बाजूला जातात. कॉर्नर एकोणीस, त्यातले सोळा वेळा बाजू बदललेली. ना खूण, ना हाक. नुसत्या एकमेकींना ओलांडून जायच्या, दोन बायका दळण टाकून निवांत आपापल्या घरी निघाव्यात तशा. फक्त घरं बदललेली.

संध्याकाळी खिळ्यानं आत्याला दोन अंडी उकडून आणून दिली. "काल माझ्यामुळे तुमचा चहा गार झाला," म्हणाली. आत्यानं तिला काहीच सांगितलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर माझ्या पायावर पाय दिला. "आधी सर," ती नंतर म्हणाली. "तिला आज आशा लावायची आणि परवा काढून घ्यायची, हे माझ्यानं होणार नाही."

गुरुवारी सकाळी आम्ही क्लबच्या खोलीत गेलो. ओल्या मोज्यांचा वास, भिंतीवर खडूचं मैदान, कोपऱ्यात चेंडूंची जाळी. सर बुटाची नाडी बांधत होते. आत्यानं सरळ सांगितलं, "मंगळवारचा नकाशा चुकला. चूक माझी आहे."

सरांनी नाडी तशीच सोडली. तिचं सगळं ऐकून घेतलं. जमिनीवर मांडलेले तुकडे बघितले. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "ताई, एक विचारू? राग मानू नका. मंगळवारी मी तुमच्या भाडेकरूला बाहेर काढलं. आज तुम्ही येऊन म्हणता, तीच जागा सगळ्यात महत्त्वाची. घरी रडारड झाली वाटतं?"

"ती रडणारी आहे का? ती मला अंडी उकडून घालतेय."

"म्हणजे लाच."

"लाच द्यायची तर तिनं आमलेट केलं असतं," आत्या म्हणाली. सर हसले नाहीत.

मला वाटलं, आता आत्या खिळ्याची बाजू मांडेल. तिचा शेवटचा सामना आहे, ती किती वर्षं इथे खेळली, तिच्यासारखी कुणी नाही. पण आत्या कागदाकडेच बघत होती.

"सर, तुम्ही तिला खेळवू नका हवं तर," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला डावीकडे ठेवा. मी हूं की चूं करणार नाही. पण ती जागा रिकामी ठेवू नका. तिथून मोठी लाइन येते आहे. तिच्या तोंडाशी कुणीतरी हवंच."

सरांनी पहिला नकाशा उचलला, त्या दोन देखण्या वर्तुळांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि इथे?"

"इथे कुणी नाही. मी काढलेली भुतं आहेत ती."

"मग मी दोन दिवस भुतांना अडवायचा सराव घेतोय की काय?"

"घेतलाय."

आता मात्र सर हसले. तो कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला. का, ते मला कळलं नाही. तो काढून घ्यावा असं आत्याला वाटलं असावं, पण ती जमिनीवरचे तुकडे गोळा करायला लागली.

शुक्रवारी यादी लागली. मागे चौघी. डावीकडे खिळा. सरांनी तिला एकच गोष्ट समजावली. कॉर्नर संपला की समोरची मुलगी बदलणार, त्यामुळे चेहरा शोधत बसायचं नाही, जागा धरायची, आणि ओरडून बाकीच्यांना सांगायचं. सात नंबर डाव्या पायाची, अकरा उजव्या पायाची. त्यांच्या उजव्या कडेवर, म्हणजे खिळ्यासमोर, सात आली तर ती डाव्या पायावर चेंडू घेऊन आत वळणार. अकरा आली तर ती कडेकडेनं पुढे पळणार. खिळा संध्याकाळी घरी आली, दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, तुम्ही काय केलंत?"

"चूक दुरुस्त केली. बूट बाहेर काढ."

शनिवारी दुपारी ऊन असं होतं की मैदान थरथरल्यासारखं दिसत होतं. वरून, बाल्कनीतून, मुली फार हळू हलत असल्यासारख्या वाटत होत्या, झोपेतल्या मासोळ्यांसारख्या. आत्यानं वही-पेन्सिल काही घेतलं नव्हतं. कठडा धरून उभी होती.

बाराव्या मिनिटाला त्यांना पहिला कॉर्नर मिळाला. चेंडू आमच्या गोलकीपरनं लांब फेकला आणि आम्ही दोघी श्वास रोखून त्या दोघींकडे बघत राहिलो. सात आणि अकरा गर्दीतून बाहेर पडल्या, एकमेकींना ओलांडून निघाल्या, शांतपणे, बाजू बदलून. आणि खालून खिळ्याचा आवाज वर आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा: "बदल!"

आत्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

त्यांच्या दोन नंबरनं कितीदा तरी कडेनं चेंडू वर पाठवला. कधी सात समोर यायची, कधी अकरा. सात आली की खिळा तिच्या डाव्या पायाची आतली वाट अडवून उभी राहायची. अकरा आली की दोन पावलं मागे सरकायची आणि तिला कडेच्या रेघेबाहेर जाऊ द्यायची, चेंडूसकट. तिसऱ्यांदा "बदल" ऐकल्यावर सात नंबर वैतागून तिच्याकडे बघायला लागली. आमचा गोल चाळिसाव्या मिनिटाला झाला. नऊ नंबरनंच केला.

सत्तराव्या मिनिटाला त्यांनी बरोबरी साधली. आणि कुठून? मध्यातून. सरळ, तोंडासमोरून, सहा नंबरनं लांबून मारलेला चेंडू, आमच्या कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत. सरांनी मान वळवून थेट आमच्या बाल्कनीकडे बघितलं, दोन्ही हात पसरले आणि तिथूनच ओरडले, "ताई, मधूनच आला की!"

आत्या खाली वाकून ओरडली, "एकच आला!"

शेवटची वीस मिनिटं फार लांब होती. मला आता त्यातलं काही आठवत नाही, फक्त डाव्या कडेचा तो पट्टा, आणि तिथे पुन्हा पुन्हा येऊन थांबणारी एक लाट. मग शिट्टी वाजली. एक-एक. लाल सदरे एकमेकांवर कोसळले. खिळा मात्र जिथे होती तिथेच गवतावर बसली. उठेना.

आत्या घरातल्या चपला घालूनच जिना उतरली. मी मागे धावले. रस्ता ओलांडला, फाटकातून आत शिरलो आणि ती सरळ गवतावर चालत गेली. चार वर्षं रोज मैदान बघणारी आत्या मैदानावर पहिल्यांदाच उभी होती. खिळ्यापाशी पोचली, तिचा पाय बघितला. पोटरी आखडली होती, बाकी काही नाही. मग आत्यानं मान वर केली आणि सगळीकडे नजर फिरवली. कुठे पाठ, कुठे खांदा, कुठे कुणाचे ओले केस. पलीकडची कड तर दिसतसुद्धा नव्हती.

"अगं, इथून तर काहीच कळत नाही," ती गोंधळून म्हणाली. "कोण कुठे आहे, काही पत्ता लागत नाही."

खिळा घामानं निथळत, गवतावर आडवी होत हसली. "मग काय वाटलं काकू? आम्ही असंच खेळतो."

आत्या तिच्या शेजारी बसली, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि हळूहळू पोटरी चोळायला लागली.